लोखंडाच्या दोन रचना: युनिट सेलमधले अणू कसे मोजायचे आणि पॅकिंग फॅक्टर कसा काढायचा

शुद्ध लोखंडाची बारीक तार दोन खुंट्यांमध्ये आडवी बांधा, मधोमध एक हलकं वजन अडकवा आणि तारेतून वीजप्रवाह सोडा. तार तापते, लांबते, वजन हळूहळू खाली येऊ लागतं. तार लाल होते, मग नारिंगी. आणि ९१२ अंश सेल्सिअसच्या आसपास एक अनपेक्षित गोष्ट घडते: वजन थबकतं आणि किंचित वर सरकतं. तापमान वाढतंय, तरी तार आखूड होतेय. थोड्या वेळाने ती पुन्हा नेहमीसारखी लांबू लागते.

त्या क्षणी लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलतात. खोलीच्या तापमानाला ते ज्या रचनेत असतात तिला बीसीसी म्हणतात, म्हणजे घनाच्या कोपऱ्यांवर आणि पोटात मधोमध एक अणू. ९१२ अंशांच्या वर ते एफसीसी रचनेत जातात, म्हणजे कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर एक अणू. दुसरी रचना अधिक दाट आहे, म्हणून तार आकसते. किती दाट, हे पॅकिंग फॅक्टर सांगतो. या लेखात दोन्ही रचनांचा हिशोब लोखंडावरच करू आणि शेवटी तारेकडे परत येऊ. कारण पुस्तकी उत्तर तार जितकी आकसेल असं सांगतं, त्यापेक्षा ती फारच कमी आकसते. तो फरक समजला की पॅकिंग फॅक्टर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट उमगतं.

आधी मोजणी: कोपऱ्यावरचा अणू कोणाचा?

युनिट सेल म्हणजे स्फटिकाचा तो लहानात लहान सोयीचा ठोकळा, जो तिन्ही दिशांना शेजारी शेजारी रचत गेलं की सगळा स्फटिक तयार होतो. दोन ठोकळ्यांमध्ये फट नाही आणि एकावर एक चढणंही नाही. आकृतीत मात्र एकच ठोकळा काढलेला असतो, आणि चुकीची सुरुवात तिथेच होते. बीसीसीच्या चित्रात ८ कोपरे आणि १ मध्य असे ९ गोळे दिसतात. एफसीसीच्या चित्रात ८ कोपरे आणि ६ पृष्ठं असे १४. हे आकडे मोजणीचे नाहीत, चित्रकाराच्या सोयीचे आहेत. कोपऱ्यावरचा गोळा त्याने पूर्ण काढला, कारण आठवा भाग काढला तर काय काढलंय तेच कळणार नाही.

एखाद्या इमारतीची कल्पना करा. एका मजल्यावर चार खोल्या जिथे एकमेकींना भिडतात, तिथे एक खांब आहे. त्याच खांबाभोवती वरच्या मजल्यावरही चार खोल्या आहेत. खालच्या चार खोल्यांचं छत आणि वरच्या चार खोल्यांची जमीन जिथे मिळते, नेमका तो बिंदू घ्या. त्या बिंदूवर गोळा ठेवला, तर त्याचा एकेक तुकडा आठ खोल्यांत जाईल. म्हणून कोपऱ्यावरच्या अणूचा आपल्या सेलमधला वाटा १/८. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक मोसंबं घ्या आणि मधून एकमेकांना काटकोनात असे तीन काप द्या: एक आडवा, दोन उभे. आठ सारख्या फोडी होतात. एक फोड टेबलाच्या कोपऱ्याशी धरून पाहिली की सेलच्या कोपऱ्यात नेमकं काय बसलंय ते कळतं. माझ्या अनुभवात, फळ्यावर काढलेल्या दहा आकृत्यांनी जे होत नाही ते या एका मोसंब्याने होतं.

पृष्ठाच्या मध्यावरचा अणू दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसलेला असतो. अर्धा इकडे, अर्धा तिकडे, म्हणून वाटा १/२. कडेच्या मध्यावर एखादा अणू असेल, तर तिथे चार खोल्या भिडतात, वाटा १/४. आणि पोटातला अणू कोणाशीच वाटून घ्यायचा नसतो, तो पूर्ण १. आता हिशोब सरळ होतो.

```
BCC:  n = 8 × 1/8 + 1        = 1 + 1 = 2
FCC:  n = 8 × 1/8 + 6 × 1/2  = 1 + 3 = 4
```

बीसीसीत २ अणू, एफसीसीत ४. आठ कोपरे मिळून नेहमी एकच अणू देतात, एवढं लक्षात राहिलं तरी अर्धं काम झालं.

अपूर्णांकांशिवाय मोजायची दुसरी रीत

वाटणीची रीत परीक्षेत चालते, पण मला स्वतःला दुसरी रीत जास्त भरवशाची वाटते. आठवा, अर्धा, पाव हे सगळं विसरा. अणूचा गोळाही विसरा, फक्त त्याचा केंद्रबिंदू धरा. आता सेलची चौकट मनातल्या मनात किंचित सरकवा, तिन्ही दिशांना अगदी केसभर. अणू जागच्या जागी, चौकट तेवढी हललेली. आता एकही केंद्रबिंदू भिंतीवर किंवा कोपऱ्यावर राहिलेला नाही. प्रत्येक बिंदू एकतर आत आहे किंवा बाहेर. आत किती आहेत ते सरळ मोजा.

बीसीसीत चौकट सरकवली की आठ कोपऱ्यांपैकी एकच आत येतो, बाकीचे सात बाहेर जातात. मधला आतच राहतो. एकूण दोन. एफसीसीत एक कोपरा आत, आणि समोरासमोरच्या पृष्ठांच्या प्रत्येक जोडीतला एक मध्यबिंदू आत, एक बाहेर. तीन जोड्या, म्हणून तीन. एकूण चार.

हीच गोष्ट सहनिर्देशकांत लिहिली तर अशी दिसते. सेलची कड १ मानायची आणि ज्या अणूचे तिन्ही सहनिर्देशक ० किंवा त्याहून मोठे पण १ पेक्षा लहान आहेत, तेवढेच ठेवायचे.

```
BCC:  (0,0,0)  (½,½,½)
FCC:  (0,0,0)  (½,½,0)  (½,0,½)  (0,½,½)
```

यादीत किती ओळखपत्रं आली, तेवढे अणू. या रीतीचा मोठा फायदा म्हणजे सेल तिरका असला तरी ती चालते. तिरक्या सेलमध्ये प्रत्येक कोपऱ्यात नेमका आठवा भाग येत नाही, कुठे जास्त येतो कुठे कमी, फक्त बेरीज एक होते. सरकवायच्या रीतीला या सगळ्याशी देणंघेणं नाही. शिवाय पुढे सिलिकॉनसारखी रचना समोर आली, की वाटणीत गडबड होते पण यादीत होत नाही.

अणू कुठे एकमेकांना टेकतात?

पॅकिंग फॅक्टर म्हणजे सेलच्या घनफळापैकी किती भाग अणूंच्या गोळ्यांनी भरलाय, ते गुणोत्तर. वरती अणूंचं घनफळ, खाली सेलचं. वरची बाजू मिळाली: अणूंची संख्या गुणिले एका गोळ्याचं घनफळ. खालची बाजू a³, जिथे a ही सेलची कड. आता a आणि अणूची त्रिज्या r यांचं नातं हवं. हे नातं एकाच प्रश्नावर अवलंबून आहे: शेजारचे अणू नेमके कोणत्या रेषेवर एकमेकांना टेकलेत?

बहुतेकांचा पहिला अंदाज असतो की कडेवर. दोन कोपऱ्यांवरचे अणू टेकलेत, म्हणून a = 2r. साध्या घनीय रचनेत, म्हणजे जिथे फक्त कोपऱ्यांवर अणू असतात, ते खरं आहे. बीसीसीत नाही. मधला अणू कोपऱ्यांच्या मध्ये घुसून त्यांना दूर रेटतो, आणि कोपऱ्यांवरचे अणू एकमेकांपासून सुटतात. टेकलेले असतात ते कोपऱ्यावरचा आणि मधला. म्हणजे घनाच्या एका कोपऱ्यातून निघून पोटातून आरपार समोरच्या कोपऱ्यात जाणारा जो कर्ण, त्यावर. या आरपार कर्णावर आधी कोपऱ्यावरच्या अणूची एक त्रिज्या, मग मधल्या अणूचा पूर्ण व्यास, मग समोरच्या अणूची एक त्रिज्या. एकूण 4r.

या कर्णाची लांबी पायथागोरस दोनदा लावून मिळते. आधी तळाच्या चौकोनाचा कर्ण: a² + a² = 2a². मग तो कर्ण आणि उभी कड मिळून: 2a² + a² = 3a². म्हणून आरपार कर्ण √3 a.

एफसीसीत पोटात कोणी नाही, पण प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर आहे. तिथे कोपरा आणि पृष्ठमध्य एकमेकांना टेकतात, म्हणजे पृष्ठाच्या कर्णावर. पुन्हा तीच बेरीज: त्रिज्या, व्यास, त्रिज्या, एकूण 4r. पण कर्णाची लांबी आता √2 a.

```
BCC:  √3 a = 4r   →   a = 4r/√3  = 2.309 r
FCC:  √2 a = 4r   →   a = 2√2 r  = 2.828 r
```

दोन्ही आकडे 2r पेक्षा मोठे आहेत, म्हणजे दोन्ही रचनांत कडेवर फट आहे. बीसीसीत ती फट ०.३१ r इतकी बारीक असते, म्हणून चित्रात ती दिसत नाही आणि डोळा फसतो. कोणता कर्ण कुठे, हे पाठ करायची गरज नाही. जास्तीचा अणू जिथे बसलाय तिथून जाणारा कर्ण घ्यायचा: पोटात बसला तर पोटातला कर्ण, पृष्ठावर बसला तर पृष्ठाचा.

आता भागाकार

मी नेहमी सांगतो, आधी r = 1 धरून आकडे काढा. बीजगणित नंतर. एका गोळ्याचं घनफळ 4π/3, म्हणजे 4.189. खाली APF म्हणजे पॅकिंग फॅक्टर.

```
BCC:  अणू = 2 × 4.189 = 8.378     सेल = 2.309³ = 12.32
      APF = 8.378 / 12.32 = 0.68

FCC:  अणू = 4 × 4.189 = 16.755    सेल = 2.828³ = 22.63
      APF = 16.755 / 22.63 = 0.74
```

बीसीसीत ६८ टक्के जागा भरलेली, ३२ टक्के मोकळी. एफसीसीत ७४ टक्के भरलेली, २६ टक्के मोकळी. हेच अक्षरांत ठेवलं तर r³ वर आणि खाली दोन्हीकडे येतो आणि उडून जातो.

```
BCC:  APF = √3 π / 8      = 0.6802
FCC:  APF = π / (3√2)     = 0.7405
```

त्रिज्या उडाली याचा अर्थ असा, की अणू केवढा आहे याने काहीच फरक पडत नाही. लोखंड, क्रोमियम, टंगस्टन, सोडियम हे सगळे खोलीच्या तापमानाला बीसीसी, आणि सगळ्यांचा पॅकिंग फॅक्टर ०.६८. तांबं, ॲल्युमिनियम, चांदी, सोनं एफसीसी, सगळ्यांचा ०.७४. म्हणून गणितात त्रिज्या दिलेली असली तरी पॅकिंग फॅक्टरसाठी ती वापरायची गरज नसते. ती घनतेसाठी लागते.

एफसीसीचा ०.७४ हा आकडा तुम्ही फळांच्या दुकानात रोज बघता. मोसंबी किंवा संत्री ढीग रचून ठेवतात, खालच्या थरातल्या खळग्यांत वरचा थर बसवत. सारख्या आकाराचे गोळे यापेक्षा दाट रचताच येत नाहीत, असं योहान्स केपलरने १६११ साली मांडलं. फळवाल्याला ते आधीच माहीत होतं, पण गणिती सिद्धता मिळायला १९९८ साल उजाडलं. थॉमस हेल्स यांनी ती संगणकाच्या मदतीने दिली. तेव्हा सारख्या गोळ्यांच्या गणितात तुमचं उत्तर ०.७४ च्या वर गेलं, तर कुठेतरी चूक आहे, हे तपासून पाहायचीही गरज नाही.

उत्तर चुकलं हे कसं ओळखायचं

चुका थोड्याच प्रकारच्या असतात, आणि प्रत्येकीची एक खूण असते. बीसीसीत ९ अणू मोजले तर पॅकिंग फॅक्टर ३.०६ येतो. सेलमध्ये सेलच्या तिप्पट घनफळाचे अणू. हे लगेच लक्षात येतं. बीसीसीत a = 2r धरलं तर उत्तर π/3, म्हणजे १.०५ येतं. ही चूक गंमतीची आहे, कारण आकडा एकाच्या इतका जवळ असतो की पुष्कळ मुलं त्याला "साधारण १" म्हणून सोडून देतात. पण १०५ टक्के भरलेली जागा नसते. एफसीसीत चुकून आरपार कर्ण वापरला तर १.३६ येतं. हेही अशक्य.

घातक चूक वेगळीच. बीसीसीत चुकून पृष्ठाचा कर्ण वापरला, तर उत्तर ०.३७ येतं. हे एकाहून लहान आहे, ०.७४ पेक्षाही लहान आहे, वरवर बघता त्यात खटकण्यासारखं काही नाही. उत्तरपत्रिकेत मला हे उत्तर अनेकदा दिसलंय, खाली दोन रेघा मारून. ते पकडायचं असेल तर साध्या घनीय रचनेशी तुलना करा. तिथे एकच अणू, a = 2r, आणि पॅकिंग फॅक्टर π/6, म्हणजे ०.५२. पोटात आणखी एक अणू बसवल्यावर रचना त्याहून विरळ कशी होईल? दुसरी तपासणी: a = 2.828r धरल्यावर आरपार कर्णाचा अर्धा भाग २.४५ r येतो. म्हणजे मधला अणू कोणालाच टेकलेला नाही, हवेत तरंगतोय. टेकलेल्या गोळ्यांच्या हिशोबात असं चालत नाही.

मोजणी खरी की नाही, हे लोखंडालाच विचारा

आतापर्यंतचं सगळं कागदावरचं होतं. बीसीसी लोखंडात दोनच अणू आहेत, हे खरोखर तपासता येतं. एक्स-किरणांनी १९१७ साली अल्बर्ट हल यांनी लोखंडाची बीसीसी रचना दाखवली. आज आपल्याला खोलीच्या तापमानाला लोखंडाच्या सेलची कड माहीत आहे: ०.२८६६ नॅनोमीटर. लोखंडाचं मोलर वस्तुमान ५५.८४५ ग्रॅम. एवढ्यावरून आणि ॲव्होगाड्रो अंकावरून घनता निघते: सेलमधल्या अणूंचं वस्तुमान भागिले सेलचं घनफळ. सूत्रात n म्हणजे सेलमधले अणू, M म्हणजे मोलर वस्तुमान आणि N_A म्हणजे ॲव्होगाड्रो अंक.

```
ρ = n M / (a³ N_A)

a   = 2.866 × 10⁻⁸ cm
a³  = 23.54 × 10⁻²⁴ cm³
वस्तुमान = 2 × 55.845 / (6.022 × 10²³) = 1.855 × 10⁻²² g

ρ = 1.855 × 10⁻²² / 23.54 × 10⁻²⁴ = 7.88 g/cm³
```

लोखंडाची मोजलेली घनता दर घन सेंटिमीटरला ७.८७ ग्रॅम. इतकं जवळ. n च्या जागी ४ घातले असते तर १५.८ आलं असतं, शिशापेक्षाही जड लोखंड. ९ घातले असते तर ३५ च्या वर, आणि इतकी घनता पृथ्वीवरच्या कुठल्याही धातूला नाही. हे गणित करताना एकच काळजी घ्या: नॅनोमीटरचं सेंटिमीटर आधी करा आणि मग घन करा. एक नॅनोमीटर म्हणजे 10⁻⁷ सेंटिमीटर, त्यामुळे घन केल्यावर 10⁻²¹. घन करायला विसरलं की उत्तर एखाद्या दशांशाने नाही, कोट्यवधी पटींनी चुकतं.

हीच पद्धत उलटीही चालते. रचना माहीत नाही, पण कड आणि घनता माहीत आहे, तर n काढा. तांब्याची कड ०.३६१५ नॅनोमीटर, घनता ८.९६, मोलर वस्तुमान ६३.५४६. आकडे घातले की n = 4.01 येतं. चार, म्हणजे एफसीसीशी जुळतं. जुळतं म्हणतोय, सिद्ध होतं म्हणत नाही, कारण चार अणूंचा सेल दुसऱ्या रचनेतही असू शकतो. पण बीसीसी नक्कीच नाही.

उलट दिशेने सर्वांत जास्त फसवतो तो सिलिकॉन. त्याची जाळी एफसीसीच म्हणतात, म्हणून लोक ४ अणू धरतात आणि ०.७४ लिहून मोकळे होतात. पण त्या जाळीच्या प्रत्येक बिंदूशी एक नाही, दोन अणू जोडलेले आहेत. सेलमध्ये ८ अणू असतात, अणू आरपार कर्णाच्या चौथ्या भागावर टेकतात, आणि पॅकिंग फॅक्टर फक्त ०.३४ येतो. जाळीचं नाव वेगळं आणि अणूंची रचना वेगळी. इथे सहनिर्देशकांची यादी करायची सवय वाचवते.

परत तारेकडे

आता सुरुवातीचा प्रश्न. बीसीसीत ६८ टक्के भरलेलं, एफसीसीत ७४ टक्के. तेवढेच अणू, त्याच आकाराचे, जास्त दाट बसले, तर धातूचं घनफळ किती कमी व्हावं?

```
V(FCC) / V(BCC) = 0.680 / 0.740 = 0.919
```

म्हणजे ८ टक्के आकसायला हवं. लांबीत पाहिलं तर साधारण पावणेतीन टक्के. एक मीटर तार २८ मिलिमीटरनी आखूड व्हावी. प्रत्यक्षात ती साडेतीन मिलिमीटरच्या आसपास होते. हिशोब आठपटीने चुकला.

कुठे चुकला ते एक्स-किरणांच्या मोजमापावरून काढू. ९१२ अंशांजवळ बीसीसी लोखंडाची कड साधारण ०.२९०४ नॅनोमीटर असते आणि एफसीसी लोखंडाची ०.३६४६. दोन्ही सेलची घनफळं सरळ एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, कारण एकात दोन अणू आहेत, दुसऱ्यात चार. आपली मोजणी इथे कामी येते: प्रत्येक सेलचं घनफळ अणूंच्या संख्येने भागायचं.

```
BCC:  0.2904³ / 2 = 0.01225 nm³ प्रति अणू
FCC:  0.3646³ / 4 = 0.01212 nm³ प्रति अणू
```

फरक फक्त १ टक्का. तारेशी जुळलं. आता त्याच कडांवरून त्रिज्या काढा.

```
BCC:  r = √3 × 0.2904 / 4 = 0.1258 nm
FCC:  r = √2 × 0.3646 / 4 = 0.1289 nm
```

सापडलं. तापमान तेच, मूलद्रव्य तेच, पण एफसीसीत लोखंडाचा अणू अडीच टक्क्यांनी मोठा झालाय. त्रिज्या अडीच टक्के वाढली की गोळ्याचं घनफळ जवळजवळ पावणेआठ टक्के वाढतं, आणि दाट रचनेने वाचवलेली जागा त्यातच जवळपास सगळी जाते. एक टक्का उरतो, तोच आपल्याला तारेत दिसतो.

अणू मोठा का होतो? कारण तो लोखंडी गोळी नाहीच. त्रिज्या म्हणजे दोन शेजाऱ्यांमधल्या अंतराचा अर्धा, आणि ते अंतर शेजारी किती आहेत यावर ठरतं. बीसीसीत प्रत्येक अणूला ८ जवळचे शेजारी असतात, एफसीसीत १२. तेच इलेक्ट्रॉन आठ जणांऐवजी बारा जणांत वाटले गेले की प्रत्येक बंध थोडा सैल होतो, थोडा लांबतो. पॅकिंग फॅक्टरच्या सूत्रातून r उडून गेला, तेव्हा आपण गृहीत धरलं होतं की दोन्हीकडे तो एकच आहे. एकाच रचनेच्या आत ते खरं होतं. एका रचनेतून दुसरीत जाताना ते खरं राहिलं नाही.

मोकळी जागा किती आणि कशी

शेवटची एक गोष्ट, कारण पोलादाचं काम करणाऱ्यांचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. बीसीसीत ३२ टक्के मोकळी जागा, एफसीसीत २६. मग कार्बनचे छोटे अणू शिरायला बीसीसी लोखंडात जास्त जागा असायला हवी. प्रत्यक्षात एफसीसी लोखंडात ११४७ अंशांना वजनाने सुमारे २.१४ टक्के कार्बन मावतो आणि बीसीसीत ७२७ अंशांना जेमतेम ०.०२ टक्के.

उत्तर पुन्हा मोजणीतच आहे, फक्त या वेळी अणू नाही, पोकळ्या मोजायच्या. एफसीसीत मोठी पोकळी सेलच्या अगदी मध्यावर असते, जिथे कोणीच नाही, आणि तशाच पोकळ्या प्रत्येक कडेच्या मध्यावर. मधली पूर्ण १, कडेवरच्या १२ गुणिले १/४ म्हणजे ३. एकूण ४, दर अणूमागे एक. तिच्यात केवढा गोळा मावेल? मध्यापासून पृष्ठावरच्या अणूच्या केंद्रापर्यंत a/2, म्हणजे 1.414r. त्यातून अणूची त्रिज्या वजा केली की ०.४१४ r उरतं.

बीसीसीतली सर्वांत मोठी पोकळी पृष्ठावर असते, (½, ¼, 0) अशा ठिकाणी. प्रत्येक पृष्ठावर अशा चार, सहा पृष्ठांवर २४, प्रत्येकीचा वाटा अर्धा. एकूण १२, दर अणूमागे सहा. पण तिथून जवळच्या अणूचं केंद्र १.२९१ r वर, त्यामुळे जागा उरते फक्त ०.२९१ r. बीसीसीत मोकळी जागा जास्त आहे, पण ती अनेक छोट्या फटींत वाटलेली आहे. एफसीसीत कमी आहे, पण थोड्या मोठ्या खोल्यांत जमलेली आहे. नॅनोमीटरमध्ये बोलायचं तर वर काढलेल्या त्रिज्या घेऊन एफसीसीच्या पोकळीत ०.०५३ त्रिज्येचा गोळा मावतो, बीसीसीच्या पोकळीत ०.०३७. कार्बनच्या अणूची त्रिज्या ०.०७ हूनही थोडी जास्त. त्याला दोन्हीकडे अंग चोरूनच शिरावं लागतं, पण एफसीसीत शेजाऱ्यांना थोडंसं सरकवून भागतं. म्हणूनच पोलाद कडक करायचं असेल तर आधी ते नारिंगी होईपर्यंत तापवतात, कार्बन त्या मोठ्या खोल्यांत विरघळू देतात, आणि मग रचना परत बीसीसीकडे वळू लागण्याआधीच ते झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवतात.